फ्लॅटची काँट्री: चार गैरसमज

पुण्यात चौघे मिळून फ्लॅट घेतात. डबा, दूध, कांदे ज्याच्या हाताशी पैसे असतील तो आणतो, आणि महिनाअखेर कुणी कुणाला किती द्यायचे यावरून कुरबुर सुरू होते. मग कुणीतरी ग्रुपवर लिहितो:

‘मंडळी, सोमवारपासून फंड काढू. प्रत्येकी 1000 पक्याकडे टाका. डबे ज्याचे त्याने मोजायचे, चहा-दूध-कांदे-गॅस चौघांत समान. खाडा असेल तर सकाळी नऊच्या आत सांगा. खिशातून खर्च केला तर बिलाचा फोटो टाका. दर रविवारी हिशोब. काही खटकत असेल तर आत्ताच बोला.’

गैरसमज: फंड संपला की सगळ्यांनी सारखेच पैसे टाकायचे.
वस्तुस्थिती: फंड ही फिरती रक्कम आहे. आठवड्यात ज्याने जेवढं वापरलं तेवढंच त्याने परत भरायचं. समजा, डबा 80 रुपयांचा. सम्याचे 12 डबे, पक्याचे 10, राजूचे 6. बंट्या ऑफिसात जेवतो. डब्यांचे 2240 झाले, किराणा 840, म्हणजे किराण्याचे माणशी 210. सम्याने 1170 भरायचे, पक्याने 1010, राजूने 690 आणि बंट्याने फक्त 210. सरसकट भागले असते तर प्रत्येकी 770 आले असते, आणि बंट्याला न खाल्लेल्या डब्यांचे 560 भरावे लागले असते.

गैरसमज: जेवलो नाही म्हणजे खाडा.
वस्तुस्थिती: वेळेत कळवलं तरच खाडा. भाजी फोडणीला पडल्यावर डबेवाल्या काकू पैसे कापत नाहीत. न सांगता गावी गेलेल्याचा डबा त्याच्याच नावावर लागतो. दुसऱ्याने तो खाल्ला, तर त्याने तसं ग्रुपवर सांगून आपल्या नावावर घ्यायचा.

गैरसमज: हिशोब महिन्यातून एकदा केला तरी चालतो.
वस्तुस्थिती: यूपीआयची नोंद रक्कम दाखवते, त्यात किती दूध सगळ्यांचं आणि कुठला शाम्पू एकट्याचा, हे ती सांगत नाही. आठवड्याभरात ते आठवतं. महिनाभराने भाडं आणि वीजबिलाच्या गर्दीत ते हरवतं.

गैरसमज: खिशातून खर्च करणाऱ्याला लगेच पैसे परत द्यावे लागतात.
वस्तुस्थिती: रविवारी वळते केले की झालं. वरच्या 840 पैकी 160 ची भाजी राजूने आपल्या पैशांनी आणली असेल, तर त्याने 690 ऐवजी 530 भरायचे. अशा वेळी फंडात 1080 शिल्लक असतील आणि चौघांचा भरणा 2920 होईल. बेरीज पुन्हा 4000. ती जुळली नाही, तर आधी रोखीने घेतलेल्या वस्तू तपासा. नोंद राहून जाते ती बहुधा त्यांचीच.