स्थावर मालमत्तेच्या खरेदीवरील करकपात

'''स्थावर मालमत्तेच्या खरेदीवरील करकपात''' ही भारतातील आयकर अधिनियम, १९६१ च्या कलम १९४-आयएनुसार खरेदीदारावर असलेली जबाबदारी आहे. निवासी विक्रेत्याकडून ५० लाख रुपये किंवा त्याहून अधिक किमतीची जमीन, घर वा दुकान विकत घेणाऱ्याने किमतीच्या १ टक्का रक्कम विक्रेत्याला न देता त्याच्या नावे सरकारकडे भरावी लागते. ही तरतूद १ जून २०१३ पासून लागू झाली. ग्रामीण शेतजमीन तिच्यातून वगळलेली आहे. विक्रेता अनिवासी असल्यास हे कलम लागू होत नाही. तेथे कलम १९५ लागू होते व कपातही बरीच मोठी असते.

१ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम, २०२५ अमलात आला असून त्यात करकपातीच्या तरतुदी कलम ३९३ मध्ये एकत्र केल्या आहेत. या लेखातील कलमे व फॉर्म १९६१ च्या अधिनियमातील आहेत.

== कपातीचा आधार ==
कर विक्रेत्याच्या नफ्यावर नव्हे, तर संपूर्ण किमतीवर कापला जातो. विक्रेत्याला तोटा झाला तरी कपात टळत नाही. जादा कापलेली रक्कम त्याने विवरणपत्र भरून परत मागायची असते. वाहनतळ, क्लबचे सदस्यत्व, वीज-पाण्याची सोय आणि देखभाल यांसाठी घराबरोबर घेतलेले शुल्कही किमतीत धरले जाते.

१ एप्रिल २०२२ पासून मुद्रांक शुल्कासाठीचे मूल्यही पाहावे लागते आणि करारातील किंमत व हे मूल्य यांपैकी जे अधिक असेल त्यावर कर कापला जातो. करारात ४८ लाख रुपये आणि मुद्रांक मूल्य ५१ लाख रुपये असेल, तर व्यवहार मर्यादेत येतो व कपात ५१,००० रुपये होते. खरेदीदार अनेक असल्यास प्रत्येकाचा वाटा ५० लाखांहून कमी, म्हणून कपात नको, असा युक्तिवाद पूर्वी केला जाई. १ ऑक्टोबर २०२४ पासून सर्वांची एकत्रित रक्कम धरण्याचे कायद्यातच स्पष्ट झाल्याने तो मार्ग बंद झाला.

== भरणा ==
यासाठी खरेदीदाराला टॅन क्रमांक घ्यावा लागत नाही. दोन्ही पक्षांचे पॅन पुरेसे असतात. आयकर विभागाच्या ई-फायलिंग संकेतस्थळावर e-Pay Tax येथे 26QB हा फॉर्म निवडून त्यात मालमत्तेचा पत्ता, कराराची तारीख, किंमत आणि दिलेली रक्कम भरतात. चलन आणि विवरण असे दोन्ही काम हा एकच फॉर्म करतो. कर ज्या महिन्यात कापला तो महिना संपल्यापासून ३० दिवसांत भरणा व्हावा लागतो.

कपात प्रत्येक हप्त्याच्या वेळी होते, नोंदणीच्या दिवशी एकदम नव्हे. पुण्यातील एक सदनिका पती-पत्नी समान वाट्याने एका विक्रेत्याकडून ८० लाखांना घेतात आणि मुद्रांक मूल्य त्याहून कमी आहे असे समजू. १२ एप्रिल २०२५ रोजी १० लाखांचा विसार ठरला, तर विक्रेत्याला ९,९०,००० रुपये द्यायचे. उरलेले १०,००० रुपये ५,००० रुपयांच्या दोन स्वतंत्र फॉर्मनी ३० मेपर्यंत भरायचे, कारण खरेदीदार व विक्रेता यांच्या प्रत्येक जोडीसाठी वेगळा फॉर्म लागतो. २० जूनला उरलेले ७० लाख देताना ७०,००० रुपये कापून ३० जुलैपर्यंत भरायचे. या हप्त्यात बँकेचे कर्ज असेल, तर धनादेश पूर्ण रकमेचा न काढता करापुरती रक्कम वगळण्यास बँकेला आधीच सांगावे लागते. कर कापण्याची जबाबदारी बँकेची नसून खरेदीदाराचीच असते.

फॉर्म भरण्याच्या अंतिम मुदतीपासून १५ दिवसांत, म्हणजे वरील उदाहरणात १४ जून व १४ ऑगस्टपर्यंत, ट्रेसेस संकेतस्थळावरून 16B हे प्रमाणपत्र उतरवून विक्रेत्याला द्यायचे असते. कर जमा झाल्याची नोंद विक्रेत्याच्या 26AS मध्ये दिसते. त्याने तेथे पाहून घेणे ही सर्वांत सोपी पडताळणी होय.

== विलंब आणि चुका ==
कर कापलाच नाही तर दरमहा १ टक्का व कापून भरला नाही तर दरमहा १.५ टक्के व्याज लागते. महिन्याचा काही भागही पूर्ण महिना धरतात. फॉर्म उशिरा भरल्यास कलम २३४-ई नुसार दिवसाला २०० रुपये शुल्क पडते, मात्र ते कराच्या रकमेपुरतेच मर्यादित असते. वरील ५,००० रुपयांचा फॉर्म ४० दिवस उशिरा भरला, तर हिशेब ८,००० रुपयांचा होतो, पण शुल्क ५,०००च लागते. मोठ्या हप्त्याच्या फॉर्मला या मर्यादेचा फारसा उपयोग होत नाही.

विक्रेत्याच्या पॅनमध्ये चूक झाली, तर कर परक्याच्या खात्यात दिसतो. त्याच्या दुरुस्तीची मागणी ट्रेसेसवर करावी लागते. याहून मोठा धोका निष्क्रिय पॅनचा आहे. आधारशी न जोडल्यामुळे विक्रेत्याचा पॅन निष्क्रिय झाला असेल, तर कलम २०६-एए नुसार दर १ ऐवजी २० टक्के होतो. १० लाखांच्या विसारावर १०,००० ऐवजी २,००,००० रुपये. १ टक्क्यानेच कापणाऱ्या खरेदीदारांना या फरकाच्या मागणीच्या नोटिसा आलेल्या आहेत. विक्रेत्याने संकेतस्थळावरील Link Aadhaar Status येथे आपला पॅन व आधार क्रमांक टाकून जोडणीची स्थिती दाखवली, तर विसार देण्यापूर्वीच ही गोष्ट कळू शकते.