एक फोन, दोन नंबर – भाग ४ : जुना नंबर धंद्याला द्या

दुसरं सिम घेताना बहुतेक जण एकच विचार करतात: जुना नंबर घरचा, नवा धंद्याचा. माझा सल्ला उलटा आहे. जुना नंबर धंद्याला द्यावा आणि नवा घरी ठेवावा.

डोलवीतली एखादी खानावळ घ्या. पोलाद कारखान्यात पाळीवर जाणारी कंत्राटी मुलं तिथे महिन्याच्या बोलीवर जेवतात, काही डबे कामगारांच्या खोल्यांवर जातात. मालकांचा नंबर वर्षानुवर्षं पाटीवर रंगवलेला असतो. तोच ठेकेदाराच्या फोनमध्ये ‘डबा’ म्हणून सेव्ह असतो, आणि गावी परतलेला मुलगा नव्या आलेल्याला तोच देतो. हा नंबर इतक्या लोकांकडे पसरलेला असतो की तो सगळीकडे बदलून घेणं कोणालाच जमत नाही. नातेवाईक मात्र मोजके असतात. त्यांना नवा नंबर एका संध्याकाळी कळवून होतो.

अडचण अशी की घरचे ग्रुप, लेकीचे फोटो, भावकीच्या गप्पा, सगळं त्या जुन्या नंबरावरच असतं. एक नंबर एका वेळी साध्या व्हॉट्सॲपवर चालतो किंवा व्हॉट्सॲप बिझनेसवर, दोन्हीकडे नाही. जुना नंबर थेट बिझनेस ॲपमध्ये टाकला, तर त्याच्याबरोबर घरचे ग्रुपही धंद्यात येतात. म्हणून कामाचा क्रम महत्त्वाचा.

आधी साध्या व्हॉट्सॲपचा बॅकअप घ्या. दोन्ही सिम फोनमध्ये चालू हवीत, कारण दोघांवरही सहा आकडी कोड येणार आहे. मग साध्या ॲपमध्ये Settings, Account, Change number असं जा आणि जुन्याच्या जागी नवा नंबर द्या. जुन्या गप्पा आणि ग्रुप जागच्या जागी राहतात, फक्त तुमचा नंबर बदलतो. कोणाला कळवायचं असं ॲप विचारतं, तिथे नातेवाईक आणि मित्र तेवढे निवडा. गिऱ्हाइकांना कळवलंत, तर ती नव्या नंबरावर मेसेज टाकू लागतील आणि सगळा खटाटोप वाया जाईल. ग्रुपमधल्या मंडळींना मात्र तुम्ही न सांगताही ग्रुपमध्येच बदल दिसतो.

आता जुना नंबर मोकळा झाला. बिझनेस ॲप टाका. इथे हमखास घोटाळा होतो: फोनवर आधीच व्हॉट्सॲप आहे हे ओळखून ॲप तोच नंबर पुढे करतं, आणि तो आता घरचा नवा नंबर असतो. घाईत होकार दिला तर घरचं खातंच धंद्याकडे जातं. ‘दुसरा नंबर’ हा पर्याय निवडून पाटीवरचा नंबर हाताने टाका. खातं कोरं सुरू होईल. उधारीचे जुने मेसेज घरच्या ॲपमध्येच वाचायला राहतात, तेव्हा चालू महिन्याचा हिशेब वहीत उतरवून घ्या.

लगेच तपासा. शेजाऱ्याच्या फोनवरून दोन्ही नंबरांना एकेक मेसेज टाकायला सांगा आणि कुठला कुठे पडतो ते पाहा. दोन्ही ॲपना वेगळा आवाज लावा. बँक आणि यूपीआय ज्या सिमवर आहेत ते सिम फोनमध्येच असल्याने तिकडे काही बदलावं लागत नाही.

बिझनेस ॲपमधल्या दोन सोयी खानावळीला खऱ्या उपयोगाच्या. एक लेबल: ‘पैसे बाकी’, ‘रात्रपाळी’ असं लावलं की तेवढीच नावं एकत्र दिसतात. दुसरी, बंद असतानाचा आपोआप जाणारा मेसेज. तो फोनला इंटरनेट असेल तरच जातो, म्हणजे रात्री डेटा बंद करून झोपलात तर गिऱ्हाइकाला काहीच मिळत नाही. उद्याची भाजी सगळ्यांना एकदम कळवायची तर ब्रॉडकास्ट आहे, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो पोचतो. जुना नंबर धंद्याला देण्याचं हेही एक कारण: तो आधीच सेव्ह आहे.

राहिला घरच्या नव्या सिमचा प्रश्न. कॉल जुन्यावर येतात, डेटाही तिथलाच वापरला जातो, त्यामुळे नव्याचा रिचार्ज संपला तरी व्हॉट्सॲप बरेच दिवस चालत राहतं आणि सिम बंद पडतंय हे लक्षातच येत नाही. सलग ९० दिवस वापर नसेल तर कंपनी प्रीपेड नंबर बंद करू शकते आणि काही काळाने तो दुसऱ्या कोणाला देते. त्या माणसाने त्यावर व्हॉट्सॲप सुरू केलं की तुमचं खातं तुमच्या फोनवरून निघतं. दोन टप्प्यांचा पिन लावला असेल तर तो थोडा अडतो, पण सात दिवसांनी पिनशिवायही त्याला आत जाता येतं. तेव्हा पिन दोन्ही खात्यांना लावाच, पण त्या सिमचा रिचार्ज चुकवू नका, आणि अधूनमधून त्यावरून एखादा कॉल करत राहा.