ऑक्सिमीटरवर ९८, तरीही शरीराला ऑक्सिजन कमी? असं कसं होतं?

कोरोनाच्या काळात घरोघरी ऑक्सिमीटर आला. बोटाला लावायचा, ९५च्या वर आकडा दिसला की हुश्श करायचं, ही सवय तेव्हापासूनची. पण स्क्रीनवर ९८ दिसत असतानाही शरीरातल्या पेशी ऑक्सिजनवाचून तडफडत असू शकतात.

पेशींना पुरेसा ऑक्सिजन न मिळणं किंवा तो वापरता न येणं, याला हायपॉक्सिया म्हणतात. त्याचे चार प्रकार मानले जातात. पहिला आपल्या ओळखीचा. न्यूमोनियात किंवा लेहसारख्या उंच ठिकाणी रक्तातच ऑक्सिजन कमी शिरतो. ऑक्सिमीटर नीट पकडतो तो हाच. खरा घोळ उरलेल्या तिघांत आहे.

थोडा हिशेब करू. रक्तातलं हिमोग्लोबिन म्हणजे ऑक्सिजन वाहून नेणारे टेम्पो समजा. हिमोग्लोबिन १५ असलेल्या माणसाच्या १०० मिली रक्तात साधारण २० मिली ऑक्सिजन मावतो. हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त ढकलतं, म्हणजे मिनिटाला १००० मिली ऑक्सिजन निघतो. शांत बसलेलं शरीर त्यातला साधारण २५० मिली वापरतं. बाकीचा शिरांमधून परत येतो. त्यामुळे परतीच्या रक्तातलं हिमोग्लोबिन अजून ७५ टक्के भरलेलं असतं. हा परतीचा आकडा लक्षात ठेवा, पुढचा सगळा उलगडा त्यातूनच होतो.

आता हिमोग्लोबिन ६ असलेली एखादी बाई घ्या. तिची फुफ्फुसं ठणठणीत आहेत, त्यामुळे प्रत्येक टेम्पो भरूनच निघतो आणि ऑक्सिमीटर ९८ दाखवतो. कारण किती टक्के टेम्पो भरलेत एवढंच तो सांगतो, टेम्पो मुळात किती आहेत हे नाही. तिच्या १०० मिली रक्तात २० ऐवजी जेमतेम ८ मिली ऑक्सिजन असतो. हृदयाने वेग वाढवला नाही, तर मिनिटाला फक्त ४०० मिली निघेल आणि परतीचं रक्त ४० टक्क्यांच्याही खाली रिकामं होऊन येईल. म्हणून हृदय जोरात धावतं. बसल्या जागी भागतं, पण एक जिना चढला की धाप लागते, छाती धडधडते. आणि गंमत म्हणजे अशा रुग्णाचे ओठ सहसा निळे पडत नाहीत. निळेपणा दिसायला ऑक्सिजन नसलेलं हिमोग्लोबिन बऱ्यापैकी लागतं, तेवढं तिच्याकडे नसतंच. ती फिकट दिसते. ऑक्सिजनचा मास्क लावला तरी १०० मिली रक्तामागे दीड-दोन मिलीच भर पडते. खरा उपाय हिमोग्लोबिन वाढवणं हाच.

(बंद बाथरूममधल्या गॅस गिझरचा कार्बन मोनॉक्साईड याच गटातला. तो हिमोग्लोबिनवरची जागा अडवतो आणि साधा ऑक्सिमीटर त्यालाच ऑक्सिजन समजून चांगला आकडा दाखवतो.)

तिसऱ्या प्रकारात हिमोग्लोबिन १५ आहे, टेम्पो भरलेलेही आहेत, पण रस्त्यावर वाहतूक तुंबली आहे. समजा, हृदय कमजोर झालं आणि मिनिटाला ५ ऐवजी अडीच लिटरच रक्त ढकलू लागलं. मग पोहोचतो ५०० मिली. रक्त हळू सरकतं, पेशी त्यातून जास्त ऑक्सिजन ओढून घेतात आणि परतीचा आकडा ५० टक्क्यांवर येतो. हातपाय गार पडतात, नखं निळसर दिसतात. नाडी क्षीण असल्याने अनेकदा ऑक्सिमीटरला आकडाच धड सापडत नाही. इथे रक्ताभिसरण सुधारावं लागतं.

चौथा प्रकार सगळ्यात विचित्र. सायनाइडच्या विषबाधेत टेम्पो भरलेले असतात, रस्ता मोकळा असतो, मालही दारात पोहोचतो. पण घेणाऱ्याचे हात बांधलेले असतात. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियामध्ये सायटोक्रोम ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम असतं. ऑक्सिजन प्रत्यक्ष वापरला जातो तो तिथे. सायनाइड नेमकं त्यालाच जखडतं. ऑक्सिजन न वापरता तसाच परत जातो, म्हणून शिरेतून काढलेलं रक्तही गडद न दिसता लालभडक दिसू शकतं आणि परतीचा आकडा ७५च्या बराच वर जातो. पेशी ऑक्सिजनशिवाय कशीबशी ऊर्जा बनवू लागतात, त्यामुळे रक्तात लॅक्टेट झपाट्याने वाढतं. ही दोन लक्षणं एकत्र दिसली की डॉक्टरांना संशय येतो.

सायनाइड फक्त रहस्यकथांत असतं असं समजू नका. घराला आग लागल्यावर फोमच्या गाद्या, सोफे, प्लॅस्टिक जळताना निघणाऱ्या धुरातही ते असतं. अशा रुग्णाला ऑक्सिजन देतातच, पण एन्झाइम मोकळं करायला उतारा लागतो. त्यातला एक म्हणजे हायड्रॉक्सोकोबालमिन, म्हणजे बी-१२ जीवनसत्त्वाचंच एक रूप. ते सायनाइडला पकडतं, त्यातून सायनोकोबालमिन बनतं आणि ते लघवीवाटे बाहेर पडतं. हे सायनोकोबालमिन म्हणजे बी-१२च्या गोळीत असतं तेच.