शोकवार्तेचे मुद्रितशोधन

उज्जयिनीत शिंदेशाहीपासून मराठी कुटुंबे नांदत आली आहेत. येथे घरात मराठी बोलली जाते, तर बाजारात हिंदी. त्यामुळे वृत्तपत्राकडे धाडावयाची मराठी शोकवार्ता तपासताना अधिक सावध राहावे लागते. एक कल्पित उदाहरण घेऊन आपण ते पाहू.

एका गृहस्थांचे देहावसान झाले. मसुद्यात लिहिले होते : ‘मंगळवार, दि. २५ सप्टेंबर २०२४ रोजी रात्री २ वाजता, आश्विन वद्य ८.’ वाचताना हे वाक्य निर्दोष वाटते. परंतु त्यात दोन दोष आहेत. इंग्रजी तारीख मध्यरात्री बदलते, तर आपला वार सूर्योदयाला. घरच्यांच्या मनात मंगळवारची रात्र होती, तारीख मात्र बुधवारची पडली. म्हणून ‘बुधवार, दि. २५ रोजी, मंगळवारच्या मध्यरात्रीनंतर २ वाजता’ असे लिहावे. दुसरा दोष महिन्याचा. मराठी पंचांगाचा महिना अमावास्येस संपतो, माळव्यातील पंचांगाचा पौर्णिमेस. त्यामुळे आपला भाद्रपद वद्य पक्ष तो येथील आश्विन कृष्ण पक्ष होय. मराठी वार्तेत ‘भाद्रपद वद्य ८, शके १९४६’ असेच हवे. नाहीतर परगावचे आप्त वर्षश्राद्धाची तिथी महिनाभर चुकवतील.

यानंतर दिवस मोजावे. बुधवार पहिला धरल्यास दहावा ४ ऑक्टोबर, शुक्रवार आणि तेरावा ७ ऑक्टोबर, सोमवार येतो. मंगळवार पहिला धरल्यास दोन्ही एक दिवस अलीकडे येतात. हा निर्णय क्रिया चालविणाऱ्या गुरुजींचा आहे. तपासणाऱ्याने तो विचारून घ्यावा, स्वतः ठरवू नये. ‘उद्या रामघाटावर दशक्रिया’ असेही लिहू नये. लिहिण्याचा दिवस आणि छापून येण्याचा दिवस निराळा असल्याने ‘उद्या’ शब्द खोटा ठरतो. तारीख, वार, वेळ आणि घाट ही चारही द्यावी.

आता नाती पाहू. हिंदीत ‘नाती’ म्हणजे मुलीचा मुलगा. मराठीत ‘नाती’ म्हणजे मुलांच्या व मुलींच्या मुली. हिंदी ‘भतीजा’ म्हणजे आपला पुतण्या, ‘भांजा’ म्हणजे भाचा. प्रत्येक नावापुढे ‘मृताचा कोण?’ हा प्रश्न विचारावा. मसुदा मुलाने लिहिला असेल तर त्याचे ‘काका’ हे मृताचे बंधू असतात. तेथे ‘बंधू’ असेच हवे. पत्नीच्या नावामागील ‘सौ.’ जाऊन ‘श्रीमती’ आले की नाही, हेही पाहावे.

शेवटी नावे. हिंदी जुळणीची सवय असलेल्या हातून ‘ळ’चा ‘ल’ होतो. ‘काळे’ हे ‘काले’ होतात. ओळखीचे नाव डोळा न वाचताच पुढे सरकतो. म्हणून एकाने कुटुंबाने दिलेली यादी अक्षरशः उच्चारावी व दुसऱ्याने मसुद्यावर बोट ठेवून ती जुळवावी. नंतर घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीस तो वाचून दाखवावा आणि मगच तो रवाना करावा.