नामाक्षर आणि चरण

बारशाच्या वेळी गुरुजी पंचांग पाहून “मुलाचे अक्षर ‘वी’ आले” असे सांगतात आणि घरातील मंडळी ‘वि’वरून नावे आठवू लागतात. हे अक्षर कोठून येते आणि परंपरेने ते कशासाठी ठरविले, हे आपण या लेखात पाहू.

चंद्राच्या मार्गाचे सत्तावीस समान भाग म्हणजे नक्षत्रे, आणि प्रत्येक नक्षत्राचे चार भाग म्हणजे चरण. असे एकूण १०८ चरण होतात. जन्मवेळी चंद्र ज्या चरणात असेल त्याचे अक्षर ते बालकाचे नामाक्षर होय.

एक उदाहरण घेऊ. रोहिणी नक्षत्र सोमवारी सकाळी ६ वाजून १० मिनिटांनी लागले व मंगळवारी सकाळी ६ वाजून ३४ मिनिटांनी संपले असे समजा. एकूण काळ २४ तास २४ मिनिटे. त्याचा चौथा हिस्सा ६ तास ६ मिनिटे. बालकाचा जन्म सोमवारी रात्री ८ वाजून ५० मिनिटांनी झाला, म्हणजे नक्षत्र लागून १४ तास ४० मिनिटे झाली होती. दोन चरण १२ तास १२ मिनिटांत संपले, तिसरा १८ तास १८ मिनिटांपर्यंत आहे. म्हणून चरण तिसरा. रोहिणीची अक्षरे ओ, वा, वी, वू अशी असल्यामुळे ‘वी’ आले. येथे ऱ्हस्व-दीर्घाचा भेद मानीत नाहीत. विनायक किंवा विद्या ही नावे चालतात. चंद्राची गती सारखी नसल्याने नक्षत्राचा काळ सुमारे २१ तासांपासून २७ तासांपर्यंत बदलतो. म्हणून दर वेळी हा भागाकार नव्याने करावा लागतो.

ही अक्षरे मनाला येतील तशी वाटलेली नाहीत. कृत्तिकेपासून मोजू लागलो की त्यांची रचना उलगडते. अ, व, क, ह, ड हे पाच वर्ण घेऊन प्रत्येकाला अ, इ, उ, ए, ओ हे पाच स्वर क्रमाने लावले की पंचवीस अक्षरे होतात. ‘कू’नंतर आर्द्रेत घ, ङ, छ ही तीन घातली की अठ्ठावीस; म्हणजे कृत्तिका ते आश्लेषा या सात नक्षत्रांचे चरण बरोबर भरतात. अशाच आणखी तीन ओळी आहेत: म ट प र त, न य भ ज ख आणि ग स द च ल. त्यांतही प्रत्येकी तीन जादा अक्षरे आहेत. पहिल्या ओळीवरूनच या कोष्टकास ‘अवकहडा चक्र’ म्हणतात. एकूण ११२ अक्षरे होतात, कारण यात अभिजित हे अठ्ठाविसावे नक्षत्रही धरलेले आहे. आज गणना अश्विनीपासून करतात, पण या चक्राने कृत्तिकेपासूनचा जुना क्रम जपून ठेवला आहे.

ङ, ञ, ण यांनी नाव सुरू होत नाही, म्हणून त्यांच्या जागी अनुक्रमे ग, ज, ड घेण्याची सोय शास्त्रकारांनी करून ठेवली.

आता कारण पाहू. गृह्यसूत्रांच्या काळी व्यवहारातील नावाहून वेगळे, उपनयनापर्यंत केवळ आईबापांना ठाऊक असलेले नाव ठेवीत. नक्षत्रावरून नाव देण्याचीही चाल होती. पुढे नक्षत्राच्या नावाऐवजी चरणाचे अक्षर आले. त्याचा उपयोग स्पष्ट आहे: जन्मनाव ऐकताच जन्मनक्षत्र, चरण आणि रास कळते, आणि मुहूर्त पाहताना किंवा पत्रिका जुळविताना हेच लागते. अक्षर म्हणजे जन्मकाळाची, तोंडपाठ राहणारी नोंदच होय.

ही नोंद कोठे चुकते, तेही पाहिले पाहिजे. जन्म चरणाच्या सीमेजवळ असेल तर घड्याळातील थोड्या मिनिटांनी अक्षर बदलते. नक्षत्रसमाप्तीचा क्षण बेळगाव, इंदूर व बडोदे येथे एकच असतो. परदेशी जन्मलेल्या बालकाची वेळ मात्र आधी भारतीय वेळेत बदलून घ्यावी लागते. शिवाय राशिचक्राचा आरंभबिंदू सर्व पंचांगे एकच मानीत नाहीत. चित्रापक्ष व रैवतपक्ष यांत सुमारे चार अंशांचा फरक आहे, आणि चरण तर तीन अंश वीस कलांचाच! त्यामुळे आपल्या उदाहरणातील बालकाला रैवतपक्षाने चौथा चरण, म्हणजे ‘वू’ येईल. दोन्ही ठिकाणी गणित बरोबरच असते. फक्त आरंभ वेगळा.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. चंद्राचे स्थान आकाशात मोजता येते, परंतु त्या स्थानाशी ‘वी’ या ध्वनीचे नाते माणसाने कोष्टकाने जोडले आहे. म्हणून नामाक्षर टाळल्यास मुलाचे अनिष्ट होईल, ही भीती निराधार आहे. परंपरेतही नक्षत्रनाम आणि व्यवहारनाम निराळी असतात. ‘वी’ अक्षर आलेल्या मुलीचे नाव हौसेने सुधा ठेवले, तर जन्मनाव पत्रिकेत राहू द्यावे. आणि ‘सु’वरून तिची रास कुंभ असे मात्र कोणी सांगू लागल्यास ती वृषभ आहे, हे आपण हिशेबानिशी दाखवावे.