लग्नसराईतले उसने हात

तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतात, आणि चांगली तारीख एकाच वेळी साऱ्या गावाला हवी असते. मेंदीवालीची अडचण इथूनच सुरू होते. मेंदी पूर्ण रंगायला एक-दोन दिवस लागतात, म्हणून ती लग्नाच्या दोन दिवस आधी काढतात. मुहूर्त एक, म्हणजे मेंदीचा दिवसही एकच. त्या दिवशी शहरातला प्रत्येक सराईत हात कुठेतरी बांधलेला असतो. बाहेरचे कलाकार म्हणून दसऱ्यालाच ठरवावे लागतात. तारीख जवळ आल्यावर जे मोकळे सापडतात, त्यांची परीक्षा घ्यायलाही वेळ उरत नाही.

किती माणसं लागतील, याचा हिशेब बायकांच्या संख्येवर नाही, हातांवर करायचा. समजा, पुण्यातल्या एका कार्यालयात ऐंशी बायका दोन्ही तळव्यांवर साधी मेंदी काढून घेणार आहेत. म्हणजे एकशे साठ तळवे. एका तळव्याला सात-आठ मिनिटं धरली आणि उठबस मोजली, तर एक कलाकार तासाला पावणेसातच्या आसपास तळवे काढते. चार तासांत सत्तावीस. म्हणजे पाहुण्यांसाठीच सहा जणी हव्यात. नवरीसाठी मुख्य कलाकार आणि एक मदतनीस वेगळी. घरची टीम तिघींची असेल, तर पाच हात उसने आणायचे. इथे एक हात कमी करून पैसे वाचवायचा मोह होतो. शेवटच्या तासात रांग वाढते, नक्षी आखूड होते आणि उशिरा आलेल्या मावशीच्या हातावर नुसता एक वेल उरतो.

या पाच जणींची निवड इन्स्टाग्रामवरचे फोटो पाहून करू नये. फोटोतल्या हाताला किती तास लागले, ते फोटो सांगत नाही. समोर बसवून, घड्याळ लावून, एकच नक्षी लागोपाठ चार हातांवर काढायला सांगावी. पहिला हात सगळ्यांचाच सुंदर येतो. खरं काय ते चौथ्या हातावर कळतं: रेघ तेवढीच बारीक राहिली का, मनगटाशी घाई झाली का, कोन दाबणारा अंगठा थकला का. हातावर काढायच्या आधी ॲक्रिलिकच्या पाटीवर सराव चालतो, पण परीक्षा माणसाच्या हातावरच घ्यावी, कारण पाटी हलत नाही आणि तिला घामही येत नाही.

कोन मात्र कुणालाही घरून आणू देऊ नये, आणि याबाबतीत मी तडजोड मान्य करणार नाही. राजस्थानातल्या सोजतची बारीक चाळलेली पूड, लिंबाचा रस, साखर, थोडं निलगिरीचं तेल, एवढ्यावर चांगला कोन होतो. तो टिकत नाही, म्हणून फ्रीजरमध्ये ठेवून कामाच्या आधी बाहेर काढतात. बाजारातला महिनोन्‌महिने बाहेर राहणारा, पंधरा-वीस मिनिटांत गडद रंग देणारा कोन ही वेगळीच चीज असते. खऱ्या मेंदीचा रंग आधी नारिंगी येतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तपकिरी होतो. काळ्या मेंदीत केस काळे करायच्या कलपातलं पीपीडी हे रसायन मिसळलेलं आढळतं, त्याने कातडीवर फोड येऊ शकतात. पाचपैकी एकीने जरी तसला कोन आणला, तरी बोल लागेल तो काम घेणारीला.

नवरीच्या हाताची कामं मात्र वाटून घेता येतात. आउटलाइन पूर्णपणे मुख्य कलाकाराची. मुंडावळ्या बांधलेली नवरी, नथ, तुळशीवृंदावन या आकृत्या आणि दोन्ही हातांच्या रेघेची जाडी एकाच हातची दिसायला हवी. मदतनीस फक्त भरण करते, म्हणजे पाकळ्यांची छटा, जाळी, ठिपके. नवख्या मुलीला पहिले काही कार्यक्रम कोन पुरवण्यावर आणि सुकलेल्या हातांवर साखर-लिंबाचं पाणी लावण्यावरच ठेवावं. एवढ्यात तिची नजर तयार होते.

पाहुण्यांसाठी दहा-बारा नक्षींचं एकच कार्ड छापावं आणि सगळ्या खुर्च्यांवर तेच ठेवावं. मग शेजारी बसलेल्या जावांची मेंदी एकाच कार्यक्रमातली वाटते.

पैसे तासावर द्यावेत. हातागणिक दर ठरला की रेघ विरळ होते. विरळ मेंदी लवकर सुकून गळते आणि रंग फिका येतो. हे त्या दिवशी कुणालाच दिसत नाही. म्हणून खुर्च्यांना क्रमांक द्यावेत, कोणत्या क्रमांकावर कोण बसलं ते लिहून ठेवावं आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक खुर्चीवरच्या दोन-तीन पाहुण्यांकडून हाताचे फोटो मागवावेत. एकीचा हात फिका निघाला, तर सुकायच्या आत धुतला असेल. एकाच खुर्चीवरचे तिन्ही फिके निघाले, तर पुढच्या मुहूर्ताआधी त्या मुलीला बोलावून कोनाचं टोक किती कापायचं आणि दाब किती द्यायचा, ते पुन्हा दाखवावं लागतं.