कार्यालयाच्या भाडेपट्ट्याची प्रारंभिक नोंद

कार्यालयाच्या भाडेपट्ट्याची प्रारंभिक नोंद म्हणजे भाड्याने घेतलेल्या कार्यालयाचा ताबा मिळाल्या दिवशी भाडेकरू कंपनीने आपल्या पुस्तकांत एकाच वेळी केलेली दोन बाबींची नोंद होय. जागा ठरावीक काळ वापरण्याचा हक्क *वापरहक्क मालमत्ता* म्हणून, आणि पुढे द्यावयाच्या भाड्याचे आजचे मूल्य *भाडेपट्टा दायित्व* म्हणून ताळेबंदात दाखवले जाते. ही पद्धत आयएफआरएस १६ या आंतरराष्ट्रीय मानकाने जानेवारी २०१६ मध्ये मांडली. त्याच धर्तीवरील भारतीय मानक इंड एएस ११६ हे १ एप्रिल २०१९ पासून लागू झाले.

## पार्श्वभूमी

पूर्वीच्या इंड एएस १७ नुसार कार्यालयाचे भाडे बहुधा केवळ नफा-तोटा पत्रकात खर्च म्हणून येत असे. पाच वर्षे भाडे देण्यास बांधील असलेल्या कंपनीच्या ताळेबंदात त्या बांधिलकीचा आकडा नसे. तो फक्त टिपांमध्ये आढळे. त्यामुळे कर्ज काढून इमारत विकत घेणारी कंपनी कर्जबाजारी दिसे आणि तशीच इमारत दीर्घ मुदतीने भाड्याने घेणारी कंपनी कर्जमुक्त भासे. नव्या मानकाने भाडेकरूच्या बाबतीत हा भेद काढून टाकला. जागामालकाच्या नोंदींत मात्र मोठा बदल झाला नाही. इंड एएस लागू नसलेल्या लहान कंपन्या आजही एएस १९ हे जुने मानक पाळतात.

बारा महिने वा त्याहून कमी मुदतीच्या आणि खरेदीचा पर्याय नसलेल्या पट्ट्याला या नोंदीतून सूट घेता येते. कराराचे नाव 'भाडेपट्टा' आहे की 'लिव्ह अँड लायसन्स', यावर काही अवलंबून नसते. विशिष्ट जागेच्या वापरावर मोबदल्याच्या बदल्यात ठरावीक काळ नियंत्रण मिळते का, एवढेच पाहिले जाते.

## प्रारंभ दिनांक

मालकाने जागा वापरासाठी उपलब्ध करून दिली, तो दिवस म्हणजे प्रारंभ दिनांक. करारावर सही झाल्याचा किंवा पहिले भाडे देय होण्याचा दिवस याहून वेगळा असू शकतो. अंतर्गत सजावटीसाठी पहिले तीन महिने भाडेमाफी असली, तरी किल्ल्या मिळाल्या त्या दिवशीच नोंद करावी लागते. भाडे सुरू होईपर्यंत थांबल्यास तीन महिन्यांचा घसारा आणि व्याज पुस्तकांतून सुटते.

## पट्ट्याची मुदत

मुदतीत रद्द न करता येणारा काळ धरला जातो. जागा सोडण्याचा पर्याय भाडेकरूकडे असेल आणि तो वापरला जाणार नाही हे वाजवीपणे निश्चित असेल, तर त्यापुढचा काळही मुदतीत येतो. भारतातील अनेक करारांत मुदत पाच किंवा नऊ वर्षांची, तर 'लॉक-इन' तीन वर्षांचे असते. तीन वर्षांनंतर फक्त भाडेकरूलाच करार मोडता येत असेल, तर मुदत आपोआप तीन वर्षे ठरत नाही. सजावटीवर केलेला मोठा खर्च, स्थलांतराचा खर्च, जागेचे व्यवसायातील स्थान यांवरून कंपनी पुढेही तेथेच राहील का, हे ठरवावे लागते. दायित्वाचा आकडा या एका निर्णयाने सर्वाधिक बदलतो.

## उदाहरण

समजा, पुण्यातील एका कंपनीला १ एप्रिल २०२४ रोजी पाच वर्षांसाठी कार्यालयाचा ताबा मिळाला. लॉक-इन तीन वर्षांचे आहे. परंतु सजावटीचा खर्च पाहता पाच वर्षे राहणे वाजवीपणे निश्चित आहे. वार्षिक भाडे जीएसटी वगळून ₹१२,००,००० असून ते प्रत्येक वर्षाच्या सुरुवातीला द्यायचे आहे. पहिले भाडे ताब्याच्या दिवशीच दिले. दलाली ₹१,००,००० झाली. ₹६,००,००० बिनव्याजी अनामत रक्कम पाच वर्षांनी परत मिळणार आहे.

### दायित्व

मालकाचा अंतर्निहित व्याजदर भाडेकरूला सहसा कळत नाही. म्हणून तेवढ्याच मुदतीसाठी, तशाच तारणावर आणि वापरहक्काच्या मूल्याइतक्या मालमत्तेसाठी कंपनीला ज्या दराने कर्ज मिळाले असते, तो दर वापरतात. येथे तो १० टक्के धरला आहे. दायित्वात फक्त अद्याप न दिलेली भाडी येतात, म्हणजे पुढील चार:

| देय दिनांक | भाडे (₹) | वर्तमान मूल्य (₹) |
|---|---|---|
| १ एप्रिल २०२५ | १२,००,००० | १०,९०,९०९ |
| १ एप्रिल २०२६ | १२,००,००० | ९,९१,७३६ |
| १ एप्रिल २०२७ | १२,००,००० | ९,०१,५७८ |
| १ एप्रिल २०२८ | १२,००,००० | ८,१९,६१६ |
| एकूण | ४८,००,००० | ३८,०३,८३९ |

संगणकीय तक्त्यात हेच उत्तर पुढील सूत्राने मिळते:

```
=PV(10%,4,-1200000)
```

मुदत तीनच वर्षे धरली असती, तर पहिली दोनच भाडी मोजली गेली असती आणि दायित्व ₹२०,८२,६४५ झाले असते.

### वापरहक्क मालमत्ता

मालमत्तेचे मूल्य दायित्वापासून सुरू होते. त्यात ताब्याच्या दिवशी वा आधी दिलेले भाडे आणि दलालीसारखा, केवळ हा पट्टा मिळवण्यासाठी झालेला खर्च मिळवतात. मालकाने दिलेले प्रोत्साहन वजा होते. जागा पूर्ववत करून देण्याची अट असल्यास त्या खर्चाचा अंदाजही मिळवला जातो. या उदाहरणात या दोन्ही बाबी नाहीत.

बिनव्याजी अनामत ही वेगळी वित्तीय मालमत्ता आहे. इंड एएस १०९ नुसार ती रास्त मूल्याला नोंदवतात. बाजारातील दर ८ टक्के धरल्यास पाच वर्षांनी मिळणाऱ्या ₹६,००,००० चे आजचे मूल्य ₹४,०८,३५० होते. उरलेले ₹१,९१,६५० म्हणजे मालकाला आगाऊ दिलेले भाडेच असल्याने ते वापरहक्कात जातात. एकूण मूल्य असे:

३८,०३,८३९ + १२,००,००० + १,००,००० + १,९१,६५० = ₹५२,९५,४८९

### रोजकीर्द नोंद

| खाते | नावे (₹) | जमा (₹) |
|---|---|---|
| वापरहक्क मालमत्ता | ५२,९५,४८९ | |
| अनामत रक्कम | ४,०८,३५० | |
| भाडेपट्टा दायित्व | | ३८,०३,८३९ |
| बँक | | १९,००,००० |
| एकूण | ५७,०३,८३९ | ५७,०३,८३९ |

पुढे मालमत्तेवर सरळ रेषा पद्धतीने दरवर्षी सुमारे ₹१०,५९,०९८ घसारा लागतो. दायित्वावर पहिल्या वर्षी ₹३,८०,३८४ व्याज चढते. व्याज सुरुवातीला जास्त असल्याने एकूण खर्चही पहिल्या वर्षांत अधिक दिसतो.

## नेहमीच्या चुका आणि पडताळणी

सर्वांत सामान्य चूक भाड्याच्या वेळेची आहे. संगणकीय तक्त्यातील `NPV` हे सूत्र पहिली रक्कमही एका कालखंडानंतर दिली जाईल असे गृहीत धरते. पाचही भाडी त्यात घातल्यास ₹४५,४८,९४४ असे उत्तर येते. ते चुकीचे आहे, कारण पहिले भाडे आजच दिलेले असते. मासिक आगाऊ भाड्यातही हाच दोष शिरतो.

पडताळणीसाठी दायित्वाचा तक्ता शेवटपर्यंत चालवून पाहतात. दर वर्षी १० टक्के व्याज मिळवून आणि भाडे वजा करून शिल्लक अनुक्रमे ₹२९,८४,२२३, ₹२०,८२,६४५, ₹१०,९०,९१० अशी उतरते आणि शेवटच्या भाड्यानंतर, रुपयाभराचा फरक वगळता, शून्य होते. चुकीच्या आकड्यापासून सुरुवात केल्यास अखेरीस सुमारे ₹१०,९०,९०९ शिल्लक राहतात. या पडताळणीने गणिती चूक सापडते. मुदत किंवा व्याजदर चुकीचा निवडला असल्यास मात्र तक्ता तरीही शून्यावरच येतो. त्यामुळे या दोन निर्णयांची कारणे स्वतंत्रपणे लिहून ठेवावी लागतात.

दुसरी चूक भाड्यात इतर आकार मिसळण्याची आहे. जीएसटी हा जागेच्या वापराचा मोबदला नसून कर असल्याने दायित्वात धरत नाहीत. स्वच्छता व सुरक्षेसारख्या सेवांचा देखभाल आकार वेगळा काढून खर्चात टाकतात. मात्र कंपनीने सोपा पर्याय निवडल्यास सेवांचे ठरलेले आकार भाड्यातच धरता येतात. तो पर्याय त्या प्रकारच्या सर्व मालमत्तांना सारखाच लावावा लागतो आणि त्याने दायित्व वाढते. करारात आधीच ठरलेली भाडेवाढ पहिल्याच दिवशीच्या हिशेबात येते. महागाई निर्देशांकाशी जोडलेली वाढ मात्र प्रारंभ दिनांकाच्या निर्देशांकावरच मोजतात आणि भाडे प्रत्यक्ष बदलल्यावर दायित्व पुन्हा मोजतात.